चीज नसलेला कॉन्टिनेंटल बेत

सूप, पास्ता आणि बेक केलेल्या भाज्या हा बेत आता मराठी घरांत वाढदिवसाला किंवा पाहुणे यायचे असले की सहज ठरतो. हॉटेलच्या मेनूत ज्याला कॉन्टिनेंटल म्हणतात त्यात इटलीचा पास्ता, फ्रान्सचा व्हाइट सॉस आणि इंग्रजी वळणाच्या बेक केलेल्या भाज्या एकाच पंगतीला येतात, आणि आपल्याकडे या सगळ्यांवर चीज किसून घालण्याची पद्धत पडली आहे. ज्या घरात चीजचा जडपणा किंवा वास आवडत नाही, तिथे बहुधा पाककृतीतले चीज तेवढे गाळतात आणि बाकी सारे तसेच ठेवतात. मग पास्ता कोरडा लागतो, बेक केलेली भाजी मिळमिळीत होते आणि हा बेत आपल्या घरचा नव्हेच असे ठरून जाते.

दोष चीज गाळण्यात नसतो. चीज जे काम करत होते ते दुसऱ्या कोणाला न सोपवण्यात असतो. चीज पदार्थात मीठ आणते. बाजारात मिळणारे प्रक्रिया केलेले चीज चांगलेच खारट असते, म्हणून ते घातलेल्या पाककृतींत वेगळे मीठ कमी सांगितलेले असते. दुसरे, चीज मुरताना त्यातली प्रथिने तुटून ग्लुटामेट मोकळे होते आणि त्यातून ती भरदार, जिभेवर रेंगाळणारी चव येते, जिला जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी हे नाव दिले. तिसरे, चीज वितळून सॉसला दाटपणा देते आणि तो पास्त्याला किंवा भाजीला धरून ठेवते. चौथे, ओव्हनमध्ये त्याचा वरचा थर खरपूस तांबूस होतो. ही चारही कामे दुसऱ्या जिनसांकडून होऊ शकतात, फक्त ती एकाच जिनसेकडून होत नाहीत.

म्हणूनच चीजच्या जागी तेवढेच पनीर किसून घालण्याचा उपाय फसतो. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचे असल्यामुळे ते वितळत नाही. ओव्हनमध्ये त्याला पाणी सुटते आणि वर कोरडे, चिवट कण राहतात. त्याला खारटपणा नाही आणि मुरलेली चवही नाही. चक्क्याचेही तसेच, तो उकळत्या सॉसमध्ये फाटतो. काजूची पेस्ट दाटपणा उत्तम देते, पण तिची गोडसर चव पदार्थाला शाही भाजीच्या वाटेवर नेते आणि जडपणा होता तसाच राहतो. ज्यांना जड खाणे नको आहे त्यांच्यासाठी काजूची वाटी हा काही उपाय नव्हे.

पास्त्याच्या बाबतीत उत्तर इटलीतच सापडते, तेही थेट दक्षिणेला. सिसिली आणि कलाब्रिया या भागांत किसून घालण्याचे चीज गरीब घरांना परवडत नसे. तिथे शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून पास्त्यावर घालण्याची रीत पडली आणि पुढे परिस्थिती सुधारल्यावरही ती टिकली, कारण तो कुरकुरीतपणा लोकांना आवडू लागला होता. १९ मार्चला संत जोसेफच्या सणाला सिसिलीत असा चुरा घातलेला पास्ता करतात. जोसेफ सुतार होते, म्हणून हा चुरा म्हणजे त्यांच्या कामातला लाकडाचा भुसा, असे तिथे मानतात. पालेर्मोकडे याच रीतीने फ्लॉवरचा पास्ता होतो. त्यात फ्लॉवर इतका शिजवतात की तो परतताना मोडून त्याचाच सॉस बनतो. कांदा, बेदाणे, पाइन नट, केशर आणि अँकोव्ही नावाचे खारवलेले मासे त्यात पडतात आणि वरून पावाचा चुरा. चीज नको असलेल्या घरासाठी याहून चांगला पास्ता शोधण्याची गरज नाही, कारण यात चीजची उणीव भासेल अशी जागाच ठेवलेली नाही.

पुढचा बेत चार माणसांचा आहे: टोमॅटो-गाजराचे सूप, व्हाइट सॉसमधल्या बेक केलेल्या भाज्या आणि हा फ्लॉवरचा पास्ता. सूप लाल, पास्ता केशरी पिवळा आणि बेक केलेली भाजी पांढरी असल्याने ताटात तेच तेच दिसत नाही आणि चवीही वेगळ्या राहतात. टोमॅटोचे सूप असताना पास्ताही टोमॅटोचाच करणे ही नेहमी होणारी चूक यात टळते.

कामाला सुरुवात पावाच्या चुऱ्यापासून करावी, कारण तो दोन पदार्थांना लागतो. दोन दिवसांचे शिळे चार पाव हाताने तोडून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत. चुरा रव्याहून जाडच राहायला हवा. बारीक पीठ झाले की ते कुरकुरीत न होता तेल पिऊन बसते. पाव ओलसर वाटले तर चुरा परातीत पसरून तासभर वाळू द्यावा. स्लाइस ब्रेडही चालतो, पण त्यात बऱ्याचदा साखर असते आणि त्यामुळे तो लवकर करपतो. गोड ब्रेड अर्थातच बाद.

या चुऱ्याचे दोन भाग करावेत. एका भागाला चमचाभर पातळ केलेले लोणी आणि मिरपूड चोळून तो कच्चाच बाजूला ठेवावा. तो बेक करायच्या भाजीवर जाणार आहे आणि ओव्हनमध्येच भाजला जाणार आहे. आधी परतून मग ओव्हनमध्ये घातला तर भाजीला आधण येण्याआधीच तो काळा पडतो. दुसरा भाग पास्त्यासाठी. कढईत दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल मंद आचेवर तापवून त्यात ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या घालाव्यात, वास सुटला की त्या काढून टाकाव्यात आणि चुरा घालून पाच-सहा मिनिटे सतत हलवत परतावा. सुरुवातीला चुरा ओल्या वाळूसारखा चिकटतो, मग मोकळा होऊ लागतो आणि उलथण्याखाली त्याचा खरखर असा आवाज येतो. रंग खमंग तांबूस झाला की त्याच क्षणी तो थाळीत काढावा. गॅस बंद करून कढईतच ठेवला तर तापलेल्या कढईत तो पुढे भाजत राहतो आणि कडवट होतो. गार झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ, थोडी कुटलेली लाल मिरची आणि एका लिंबाची किसलेली साल मिसळावी. आपल्या लिंबाची साल पातळ असते, म्हणून हलक्या हाताने फक्त वरचा रंगीत भाग किसावा. खालचा पांढरा भाग कडू असतो.

सूपमध्ये चीजला तसे काहीच काम नसते. हॉटेलात ते वरून सजावटीसाठी पडते. इथे खरा प्रश्न साय किंवा क्रीम न घालता सूप भरदार कसे लागावे हा असतो. त्यासाठी अर्धा किलोहून थोडे जास्त पिकलेले टोमॅटो, एक मोठे गाजर, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि दोन चहाचे चमचे मसूर डाळ घ्यावी. चमचाभर लोण्यावर कांदा आणि गाजर चांगले मऊ होईपर्यंत परतावे, मग टोमॅटो, डाळ, तमालपत्र, चार मिरे आणि तीन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये दोन शिट्या घ्याव्यात. डाळ आणि गाजर मिळून सूपला दाटपणा देतात, त्यामुळे कॉर्नफ्लोअर लागत नाही. टोमॅटोच्या बिया आधी काढून टाकू नयेत. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा जास्त असते आणि तो फेकला की सूपची निम्मी चव जाते. बिया नको असतील तर तमालपत्र काढून, सगळे मिक्सरमधून फिरवल्यावर सूप गाळून घ्यावे. नंतर मीठ आणि टोमॅटोच्या आंबटपणानुसार अर्धा चमचा साखर घालून पाच मिनिटे उकळावे. हे सूप दुपारी करून ठेवले तरी बिघडत नाही.

बेक केलेल्या भाज्या हा बेतातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण चीजची चारही कामे तिथे एकदम लागतात. भाज्या अर्धा किलोच्या आसपास घ्याव्यात: गाजर, फरसबी, मटार आणि दोनशे ग्रॅम मशरूम. गाजर आणि फरसबी बोटाच्या पेराएवढी कापून मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे शिजवावी, शेवटच्या मिनिटाला मटार घालावेत आणि सगळे चाळणीत उपसून स्वच्छ फडक्यावर पसरावे. भाजीवरचे पाणी पूर्ण सुकले पाहिजे. बेक केलेल्या भाजीच्या तळाशी जे पाणी साठते ते जवळजवळ नेहमी याच टप्प्यावर घाई केल्यामुळे असते. दुधी किंवा टोमॅटो यांसारख्या पाणी सोडणाऱ्या भाज्या यात घालूच नयेत.

मशरूमचे काम वेगळे आहे. चीजमधून येणारी भरदार चव इथे मशरूममधून आणायची असते आणि त्यासाठी ते नीट तांबूस व्हावे लागतात. पातळ काप करून मोठ्या तव्यावर थोड्या तेलात मोठ्या आचेवर टाकावेत, मीठ आत्ता घालू नये. आधी त्यांना पाणी सुटते आणि ते उकडल्यासारखे दिसतात. पुष्कळ जण इथेच गॅस बंद करतात. आणखी चार-पाच मिनिटे थांबले की पाणी आटते, काप आक्रसतात, कडा तपकिरी होतात आणि वास पार बदलतो. मीठ तेव्हा घालावे. ज्या घरात मशरूम खात नाहीत तिथे दोन कांदे उभे चिरून मंद आचेवर वीस मिनिटे गडद तांबूस होईपर्यंत परतावेत. चव गोडसर होते, पण पदार्थ मिळमिळीत राहत नाही.

व्हाइट सॉससाठी अर्धा लिटर दूध, चाळीस ग्रॅम लोणी आणि चाळीस ग्रॅम मैदा घ्यावा. नेहमीच्या पाककृतींत मैदा याहून कमी असतो, कारण पुढे चीज पडून सॉस घट्ट होणार असतो. चीज नसेल तर तो दाटपणा मैद्यातूनच यायला हवा. दूध आधी एका तमालपत्रासोबत आणि तीन-चार लवंगा टोचलेल्या अर्ध्या कांद्यासोबत तापवून दहा मिनिटे झाकून ठेवावे. फ्रेंच स्वयंपाकातली ही जुनी रीत आहे आणि चीज नसलेल्या सॉसला ती फार उपयोगी पडते. लोणी पातळ करून त्यात मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतावा. कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलता कामा नये. मग गाळलेले कोमट दूध थोडे थोडे घालत ढवळावे. मैद्याचा प्रत्येक कण लोण्याने माखलेला असला की गुठळ्या होत नाहीत. एकदम सगळे गरम दूध ओतले तर कणांचे पुंजके बाहेरून शिजतात आणि आत कोरडा मैदा अडकतो. सॉसला उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाच मिनिटे शिजवावा, नाहीतर पिठाची चव राहते. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली, कडा ओघळल्या नाहीत, की सॉस झाला.

आता मीठ आणि तिखटपणा. चीजच्या खारटपणाची जागा भरायची असल्याने सॉस नुसता चाखताना किंचित खारट लागला पाहिजे; भाज्यांत मिसळल्यावर तो बरोबर लागतो. लोणी मिठाचे असेल तर तेवढे मीठ धरूनच अंदाज घ्यावा. जायफळ थोडेसे किसून घालावे. त्याशिवाय एक जिन्नस असा आहे जो बहुतेक घरांत असतो पण इथे कोणाच्या मनात येत नाही, तो म्हणजे मोहरी. इंग्रजी स्वयंपाकात चीज सॉसमध्ये मोहरीची पूड घालतात, चीजची चव उठून दिसावी म्हणून. चीज नसतानाही तीच मोहरी सॉसला धार देते. अर्धा चहाचा चमचा मोहरीची पूड चमचाभर गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. लोणच्याला मोहरी फेसतात तेव्हा जे होते तेच इथे होते: गार पाण्यात मोहरीतला झणझणीतपणा जागा होतो. गरम सॉसमध्ये कोरडी पूड टाकली तर तो जागा होण्याआधीच मरतो. गॅस बंद केल्यावर ही कालवलेली मोहरी सॉसमध्ये मिसळावी. ओव्हनमध्ये तिचा झटका बराच उतरतो आणि मागे कोणाला चटकन ओळखू न येणारी चव राहते.

सॉसमध्ये भाज्या आणि मशरूम मिसळून आठ इंची काचेच्या भांड्यात पसरावे आणि वर लोणी चोळलेला चुरा एकसारखा भुरभुरावा, दाबू नये. ओटीजी २०० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवून भांडे मधल्या कप्प्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. कडेने सॉस बुडबुडू लागला आणि वरचा चुरा तांबूस झाला की झाले. वर रंग येऊनही कडा शांत असतील तर आतले अजून गरम झालेले नाही. तेव्हा वर फॉइल टाकून आणखी पाच मिनिटे ठेवावे. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा रंग येत नाही. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबणे आवश्यक आहे. त्या वेळात सॉस घट्ट होतो आणि वाढताना भाजी चमच्यावर एकसंध येते.

पास्ता सर्वांत शेवटी. पाकिटावर ड्युरम गव्हाच्या रव्याचा असा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावा. मैद्याचा पास्ता लवकर लगदा होतो आणि त्याच्या पाण्याला चिकटपणा येतो. सोबत व्हाइट सॉसचा पदार्थ असल्याने चौघांना अडीचशे ग्रॅम पुरे. अडीच लिटर पाण्याला उकळी आणून त्यात चार सपाट चहाचे चमचे मीठ घालावे. हे प्रमाण पहिल्यांदा जास्त वाटते, पण यातले बहुतेक मीठ पाण्यात राहते आणि पास्त्याला आतून चव देण्याची वेळ ही एवढीच असते. या पाण्यात साडेतीनशे ग्रॅम फ्लॉवरचे तुरे आधी घालावेत आणि बोटांनी दाबल्यावर मोडतील इतके मऊ झाले की झाऱ्याने काढावेत. पाणी टाकायचे नाही, त्यातच पास्ता शिजवायचा आहे.

रुंद कढईत चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घेऊन एक बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. त्यात दोन मोठे चमचे बेदाणे, तेवढेच काजूचे तुकडे आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या केशराच्या काही काड्या घालाव्यात. पाइन नट महाग पडतात आणि काजूने काम भागते. अँकोव्हीचा खारटपणा शाकाहारी घरात आठ-दहा काळ्या ऑलिव्हच्या तुकड्यांतून येतो. आता फ्लॉवर घालून उलथण्याने निम्मा मोडावा, निम्मा तसाच ठेवावा. दरम्यान पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी शिजवून काढावा आणि त्याचे दोन वाट्या पाणी राखून ठेवावे.

चीजने पास्त्याला सॉस धरून ठेवण्याचे जे काम केले असते ते हे पाणी करते. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि हे गढूळ पाणी तेलाबरोबर जोराने हलवले की तेलाचे बारीक थेंब त्यात अडकून राहतात, वेगळे होत नाहीत. पास्ता कढईत घातल्यावर एक वाटी पाणी ओतावे आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटे सतत हलवत राहावे. मोडलेला फ्लॉवर या मिश्रणाला आणखी दाटपणा देतो. कढई तिरकी करून पाहावी: तळाशी निथळ तेल दिसत असेल तर थोडे पाणी घालून पुन्हा हलवावे, सॉस दुधाळ दिसून पास्त्यासोबत सरकत असेल तर जमले. कढईत तो जरा पातळच वाटला पाहिजे, कारण ताटात येईपर्यंत पास्ता आणखी पाणी शोषतो. चुरा टेबलावर वाटीत ठेवावा आणि ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यावा. आधीच मिसळला तर पाच मिनिटांत मऊ पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

जेवण साडेआठला असेल तर सूप आणि चुरा दुपारी करून ठेवता येतो. साडेसहाला भाज्या, मशरूम आणि सॉस, पावणेआठला भांडे ओटीजीमध्ये, आठला फ्लॉवरसाठी पाणी. पाहुणे सूप घेत असताना पास्ता उकळत्या पाण्यात पडावा. थांबायचे असेल तर माणसांनी थांबावे, हा पास्ता थांबत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यायला हवी. चीज नको असण्याचे कारण आवड असेल तर हा बेत पुरेसा आहे. पण दूध पचत नाही म्हणून चीज टाळले जात असेल तर व्हाइट सॉस ठेवून काही साधत नाही, कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मुरलेल्या कडक चीजपेक्षा साध्या दुधात कितीतरी जास्त असते. अशा घरात सूप लोण्याऐवजी तेलावर करावे आणि त्याच भाज्या सॉसशिवाय, तेल, मीठ, लसूण आणि तेलात कालवलेला चुरा लावून उघड्या ट्रेमध्ये २२० अंशांवर भाजाव्यात. तेव्हा गाजर आणि फरसबी आधी उकडू नये, आणि तुकडे एकमेकांना न चिकटता पसरावेत. गर्दी झाली की ते भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात.

उरलेली बेक केलेली भाजी फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. ती फॉइलखाली १६० अंशांवर गरम करून शेवटची पाच मिनिटे फॉइल काढावी, म्हणजे वरचा चुरा पुन्हा कडक होतो. उरलेला पास्ता पाणी घालून गरम करण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात दाबून, एका बाजूने खरपूस होईपर्यंत परतलेला चांगला लागतो. उरलेला भाजलेला चुरा घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर टिकतो.